स्टार्टअप बंद पडल्यावर पुढची नोकरी त्याच्याच हिशोबातून कशी शोधायची

मे २०२४ च्या शेवटी आम्ही म्हापशातल्या गोदामाची चावी मालकाला परत दिली. आत ४०० च्या वर चादरी, तेवढेच टॉवेल आणि एक मोडका वजनकाटा होता. आमचं काम होतं आसगाव, शिवोली, हणजूण भागातल्या व्हिलांना आणि होमस्टेना धुतलेल्या चादरी-टॉवेल भाड्याने पुरवायचं, एक ॲप होतं, एक व्हॅन होती, तीन पोरगे होते, मी आणि माझा कॉलेजातला मित्र असे दोन डायरेक्टर. ऑक्टोबर २०२१ ला सुरू केलं आणि तीन सीझन कसेबसे काढले.

त्यानंतरचे दोन महिने मी जे केलं ते बहुतेक सगळेच करतात, म्हणजे जुना बायोडेटा काढला, वरती 'को-फाउंडर' लिहिलं, खाली लीडरशिप, टीम मॅनेजमेंट, स्ट्रॅटेजी असले शब्द टाकले आणि दिसेल तिथे पाठवला. पणजीतल्या एका आयटी कंपनीने प्रॉडक्ट मॅनेजर म्हणून बोलावलं, तिथल्या बाईंनी विचारलं की तुमच्या ॲपमधलं कुठलं फीचर वापरलं जात नव्हतं आणि ते तुम्हाला कसं कळलं, आणि माझ्याकडे उत्तरच नव्हतं, कारण ॲप पूर्ण पार्टनरने बनवलेलं. मी दिवसभर व्हॅनमध्ये असायचो. बाहेर पडून अठरा जून रस्त्यावर गाडी शोधता शोधता कळलं की तीन वर्षं मी नक्की काय काम केलं हेच मला सांगता येत नाहीये.

घरी आईचं एकच चालू होतं, सरकारी जाहिरात आलीय, फॉर्म भर. भरला पण. पण त्याच्या आधी एक गोष्ट केली ज्याने दिशा सापडली, आणि हा लेख मुख्यतः तिच्याबद्दल आहे.

बँक स्टेटमेंट काढा, आठवणीवर विसंबू नका

धंदा का बुडाला हे विचारलं तर मी तेव्हा सांगायचो की फंडिंग नाही मिळालं. पार्टनर सांगायचा की गोव्यातल्या लोकांना ॲप वापरायचं नसतं. दोन्ही खोटं होतं, म्हणजे आम्ही मुद्दाम खोटं बोलत नव्हतो, पण आठवण आपल्याला सोयीची गोष्टच पुढे करते. म्हणून कंपनीच्या खात्याचं सुरुवातीपासूनचं स्टेटमेंट एक्सेलमध्ये घ्या आणि प्रत्येक ओळीपुढे एक शब्द लिहा: धुलाई, पगार, भाडं, डिझेल, गिऱ्हाईक. मला चार संध्याकाळ लागल्या. सोबत त्या त्या महिन्याचे व्हॉट्सॲप ग्रुप उघडे ठेवा, कारण पैसे कधी आले ते बँक सांगते आणि का उशिरा आले ते ग्रुप सांगतो.

आमचं जे निघालं ते इथे देतो, तुमचे आकडे वेगळे असतील पण मांडणी हीच ठेवा. एक सेट म्हणजे एक डबल चादर, दोन उशीचे अभ्रे, दोन टॉवेल, एक पायपुसणं. गिऱ्हाइकाकडून सेटमागे १८० रुपये मिळायचे. त्यातले ८५ धुलाईवाल्याला, १८ डिझेलला, २२ हरवलेल्या आणि डागाळलेल्या मालापोटी जायचे. उरले ५५. आणि दर महिन्याचा ठरलेला खर्च, म्हणजे गोदामभाडं, तीन पोरांचे पगार, व्हॅनचा हप्ता, सर्व्हर, सगळं मिळून ९९,५००.

भर सीझनमध्ये महिन्याला १,९०० सेट जायचे, म्हणजे १,०४,५०० हातात, ठरलेला खर्च वजा केला की ५,००० नफा. पाच हजार! आम्ही डिसेंबरमध्ये रात्री अकरापर्यंत धावत होतो ते पाच हजारांसाठी. आणि जून ते सप्टेंबर ५०० सेट, म्हणजे २७,५०० हातात आणि दर महिन्याला ७२,००० चा खड्डा. मधले तीन महिने १,१०० सेटच्या आसपास, तिथे ३९,००० चा खड्डा. वर्षाचा हिशोब लावला तर ३,८०,००० तोटा, आणि हा तोटा फंडिंग आल्याने कमी झाला नसता, फक्त जास्त दिवस चालला असता. पावसाळ्यात रिकामी पडणारी व्हॅन आणि पगारी माणसं हे एकच कारण होतं. ते पहिल्या पावसाळ्यातच दिसायला हवं होतं.

हे एका वाक्यात लिहून ठेवा, कारण पुढे इंटरव्ह्यूत लागणार आहे. माझं वाक्य: 'आम्ही बारा महिन्यांचा खर्च बांधून घेतला आणि कमाई पाच महिन्यांची होती.' वाक्यात मार्केट, इकोसिस्टिम, टायमिंग असले शब्द आले तर समजा अजून खरं कारण सापडलं नाहीये, परत स्टेटमेंटकडे जा.

बुडत्या धंद्यातला चाललेला भाग शोधा

आता तेच स्टेटमेंट उलट्या बाजूने वाचायचं. ही पायरी लोक सोडतात. धंदा बुडाला तरी त्यातला प्रत्येक आकडा वाईट नसतो, एखादा आकडा महिन्यागणिक सुधारत गेलेला असतो आणि तो का सुधारला याच्यामागे कोणाचं तरी हाताने केलेलं काम असतं.

माझ्या शीटमध्ये तो आकडा होता हरवलेल्या मालाचा. पहिल्या सीझनला सेटमागे ४१ रुपये जात होते, दुसऱ्यात २२. सेटमागे १९ रुपयांचा फरक, १,९०० सेटवर महिन्याचे ३६,००० रुपये. धंद्यात तो बाकीच्या तोट्याखाली दबून गेला होता म्हणून आम्ही कधी त्याकडे बघितलंच नाही.

तो कमी कसा झाला? पहिल्या सीझनला रोज भांडण व्हायचं, केअरटेकर म्हणायचा १० टॉवेल दिले, लाँड्री म्हणायची ८ आले, आणि दोन टॉवेल कुठल्या व्हिलाचे हेच कळायचं नाही कारण सगळे पांढरे. आम्ही आधी मार्करने नंबर टाकले, ते चार धुण्यांत गेले. मग आमच्या गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या काकींनी सुचवलं की काठाच्या कोपऱ्याला रंगीत दोऱ्याचे टाके घाल. आठ रंग घेतले, आणि प्रत्येक रंगाचे एक ते पाच टाके, म्हणजे चाळीस खुणा झाल्या, व्हिला होत्या ३८. लाल दोन टाके म्हणजे शिवोलीची नदीकाठची व्हिला, हिरवा एक टाका म्हणजे आसगावची. लाँड्रीतल्या ज्या पोराला वाचता येत नव्हतं तोही बिनचूक ढीग लावायला लागला. आणि दुसरं म्हणजे दारातच केअरटेकरसमोर मोजणी, मोजलेल्या ढिगाचा फोटो तिथल्या तिथे ग्रुपवर. बस, एवढंच. ॲपमध्ये यासाठी अख्खा एक स्क्रीन होता, तो कोणी उघडत नव्हतं. (पणजीच्या त्या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर हेच होतं, पण मला ते दीड महिना उशिरा सापडलं.)

तुमच्या शीटमध्ये असे एक-दोनच आकडे सापडतील आणि तेवढे पुरेत. कदाचित उधारी वसूल व्हायचे दिवस कमी झाले असतील, कदाचित परत येणारे गिऱ्हाईक वाढले असतील. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: आधी किती होता, नंतर किती झाला, आणि ते कोणी केलं. तिसरी गोष्ट प्रामाणिकपणे लिहा आणि जमलं तर पार्टनरला सोबत बसवून लिहा. आम्ही हॉटेलात एक चहा आणि मिरची भजी घेऊन दोन तास बसलो, जे त्याचं ते त्याच्या नावावर, जे माझं ते माझ्या. तो आज बंगळुरूत ॲप बनवणारी नोकरी करतो आणि त्याच्या बायोडेटात दोऱ्याचे टाके नाहीत, माझ्यात कोड नाही. दोघांनी तीच कामगिरी सांगितली आणि कोणी दोघांनाही फोन केला तर दोघेही जातात.

दिशा ठरवायची म्हणजे तीन दारं ठोठवायची

आकडा सापडला की विचारायचं: हा आकडा आणखी कोणाची डोकेदुखी आहे? माझ्या बाबतीत तीन ठिकाणं निघाली. हॉटेलांचं हाऊसकीपिंग, व्हिला सांभाळणाऱ्या कंपन्या आणि मोठ्या कमर्शिअल लाँड्र्या. चौथं म्हणून वेर्ण्याच्या फार्मा कंपन्यांतलं स्टोअर खातं लिहिलं होतं, पण तिथल्या एका ओळखीच्याने सांगितलं की तिथे मालाचा हिशोब वेगळ्याच नियमांनी चालतो, बॅच, एक्सपायरी, ऑडिट, आणि त्याचा अनुभव लागतो, ते पाच मिनिटांत खोडलं.

उरलेल्या प्रत्येक ठिकाणच्या दोन-तीन माणसांना भेटायचं, आणि नोकरी मागायची नाही. विचारायचं की गेल्या आठवड्यात कुठल्या गोष्टीने डोकं खाल्लं. एका हॉटेलच्या हाऊसकीपिंग मॅनेजरने मला समजावलं की ज्याला मी 'एक बेडवर, एक धुवायला, एक कपाटात' म्हणायचो त्याला त्यांच्याकडे थ्री पार म्हणतात, आणि हरवलेल्या मालाला लिनन लॉस, आणि वर्षातून ठराविक वेळा इन्व्हेंटरी होते तेव्हा सगळ्यांची झोप उडते. हे शब्द मला तीन वर्षं माहीत नव्हते आणि काम मात्र मी तेच करत होतो. बायोडेटात हे शब्द आल्यावर फोन यायला लागले, तोपर्यंत 'को-फाउंडर'ला कोणी विचारत नव्हतं.

लाँड्रीचं दार मी स्वतः बंद केलं. कुंडईच्या बाजूला एका युनिटमध्ये दोन दिवस उभा राहिलो, काम बॉयलर, केमिकल आणि मशीनच्या देखभालीचं होतं, माझा हात मोजणीचा आणि माणसांचा. दोन दिवस फुकट गेले असं तेव्हा वाटलं, पण तिथे नोकरी घेऊन सहा महिन्यांनी कळण्यापेक्षा बरं. तुम्हीही जमेल तिथे एक-दोन दिवस प्रत्यक्ष उभे राहा, नुसत्या गप्पांत प्रत्येक काम चांगलंच वाटतं.

फातोर्ड्याच्या डॉन बॉस्को इंजिनिअरिंग कॉलेजातलं फायर आणि वेर्ण्याचं सीबा या इन्क्युबेटरांशी किंवा तिथल्या कुठल्या मेंटरशी तुमची ओळख असेल तर त्यांनाही भेटा, पण नवीन आयडिया घेऊन नको. तुमची एका पानाची शीट घेऊन जा. कुठल्या चालू स्टार्टअपला ऑपरेशनचा माणूस हवाय हे अशा लोकांच्या कानावर आधी येतं.

ओळखी: आधी देणी, मग फोन

कॉन्टॅक्ट वापरा असं सगळे सांगतात, पण बंद पडलेल्या धंद्याचे कॉन्टॅक्ट म्हणजे अर्धे तुमच्याकडून पैसे येणं असलेले लोक. त्यांना बायोडेटा पाठवून कसं चालेल? आमच्यावर तेव्हा तीन प्रकारचं देणं होतं. पोरांचा दीड महिन्याचा पगार, लाँड्रीवाल्या मामांचे १,६२,०००, आणि व्हॅनचं कर्ज जे माझ्या वैयक्तिक नावावर होतं.

पगार पहिला दिला, चादरी-टॉवेल एका होमस्टेवाल्याला विकून. व्हॅन विकून कर्ज पूर्ण फेडलं. इथे एक जपा: बँक कधी कधी म्हणते की थोडी रक्कम सोडतो, सेटलमेंट करा. त्या क्षणी बरं वाटतं, पण सिबिलमध्ये 'सेटल्ड' अशी नोंद पडते आणि ती 'क्लोज्ड'पेक्षा वाईट, पुढे गृहकर्जाला नडते आणि काही कंपन्या, विशेषतः बँका-फायनान्सवाल्या, नोकरी देतानाही तो रिपोर्ट बघतात. शक्य असेल तर पूर्ण फेडून नो ड्यूज घ्या.

मामांकडे मी स्वतः गेलो. फोनवर नको ही गोष्ट. म्हटलं, 'मामा, एकदम जमणार नाही, सहा महिने २७,००० देईन, पाच तारखेला.' ते काही बोलले नाहीत, वहीत लिहून घेतलं. तिसऱ्या हप्त्याला म्हणाले, 'तू येशील असं वाटलं नव्हतं रे. आता कुठे लागतोस?' तोपर्यंत मी त्यांना नोकरीबद्दल एक शब्द बोललो नव्हतो. पुढे माझ्या रेफरन्समध्ये त्यांचा नंबर होता.

आमचंही येणं होतं, तीन व्हिलांकडून मिळून ८०,००० च्या आसपास. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात असा एमएसएमई कायदा आहे, आणि उशीर झाला तर सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. नोंदणी माल किंवा सेवा देण्याच्या आधीची असेल तर बाजू भक्कम. आम्ही तक्रार करणार असं लेखी कळवल्यावर दोघांनी दिले. तिसऱ्याचे सोडले, तो माणूस बाहेरगावी निघून गेला होता आणि त्याच्या मागे लागण्यात माझे जे दिवस गेले असते ते त्या रकमेपेक्षा महाग होते.

आता फोन कोणाला करायचे. मी वहीत नावं लिहिली तेव्हा सगळ्यात वर मोठी माणसं होती, इव्हेंटमध्ये कार्ड दिलेली, एक-दोन गुंतवणूकदार. त्यांच्याकडून काहीच आलं नाही, गोड बोलले. खरे कामाचे निघाले दोन वेगळेच गट. एक, ज्यांनी आमचं सगळं ऐकून घेऊन नाही म्हटलं होतं. पेडण्यातल्या एका हॉटेलच्या पर्चेस मॅनेजरने २०२२ मध्ये दोन तास आमची मोजणीची पद्धत बघितली होती आणि म्हणाला होता की पद्धत चांगली आहे पण तुमच्याकडे एवढ्या खोल्यांची ताकद नाही. असा माणूस तुमचं काम ओळखतो आणि तुमच्याकडून त्याचं काही येणं नसतं. मी त्याला एवढंच पाठवलं:

'सर, दोन वर्षांपूर्वी लिननच्या कामासाठी भेटलो होतो. कंपनी आम्ही मे मध्ये बंद केली. मोजणीमुळे लॉस सेटमागे ४१ वरून २२ वर आणला होता, त्याची एक पानाची शीट आहे. हे काम कुठल्या खात्यात येतं आणि तिथे काय नाव असतं हे समजून घ्यायला पंधरा मिनिटं मिळतील का?'

त्याने अर्ध्या तासात फोन केला. बायोडेटा जोडलेला नव्हता, हे महत्त्वाचं, जोडला असता तर तो एचआरला पुढे ढकलून मोकळा झाला असता.

दुसरा गट म्हणजे आपलीच माणसं. व्हॅन चालवणारा पोरगा आमच्यानंतर एका व्हिला मॅनेजमेंट कंपनीत लागला होता. चवथीच्या दुसऱ्या दिवशी त्याचा फोन, नेवऱ्या खायला बोलवायला, आणि बोलता बोलता म्हणाला, 'दादा, आमच्याकडे ऑपरेशनवाला सोडून गेला, सीझन तोंडावर आलाय, चादरींचा नुसता घोळ आहे.' ही जाहिरात कुठेच आलेली नव्हती. त्याचा पगार बुडवला असता तर हा फोन आला असता का, तुम्हीच सांगा. आणि गोव्यात हॉटेल-व्हिलाच्या कामाला वेळही तीच असते, ऑक्टोबरच्या आधी माणसं भरतात, त्यामुळे तुमचा धंदा मे-जूनमध्ये बंद झाला असेल तर शीट, देणी, भेटीगाठी ऑगस्टपर्यंत उरकून घ्या.

बायोडेटा आणि तो प्रश्न

बायोडेटात हुद्दा खरा तोच लिहा, डायरेक्टर, पण कंसात किंवा खालच्या ओळीत काम लिहा: ऑपरेशन्स आणि लिनन इन्व्हेंटरी. त्याखाली तीन ओळी पुरेत. माझ्या अशा होत्या: ३८ व्हिला, १४० खोल्या, सीझनला महिन्याला १,९०० सेट, लिनन लॉस सेटमागे ४१ वरून २२ रुपये, तीन कर्मचारी आणि एका बाहेरच्या लाँड्रीचं रोजचं नियोजन. आणि शेवटी सरळ: मे २०२४ मध्ये काम बंद केलं. बंद झालं हे लपवू नका, कंपनीची स्थिती आणि डायरेक्टरची नावं एमसीएच्या साईटवर कोणालाही दिसतात.

'का बंद पडलं' याला दीड मिनिटाचं उत्तर तयार ठेवा, कारणाचं ते एक वाक्य, त्यामागचे दोन आकडे आणि आता वेगळं काय केलं असतं. मी सांगायचो की व्हॅन विकत न घेता सीझनपुरती भाड्याने घेतली असती आणि पोरांपैकी दोघांना पावसाळ्यात मामांच्या लाँड्रीत काम लावून दिलं असतं. एवढं बोलून गप्प बसायचं. मी पहिल्यांदा या प्रश्नावर अकरा मिनिटं बोललो होतो, समोरचा माणूस घड्याळ बघायला लागला तरी थांबलो नाही, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की याचं अजून सुटलं नाहीये.

मग येतो तो प्रश्न, 'परत स्वतःचं काढायला जाणार नाही ना?' आयुष्यभर इथेच राहीन असं सांगू नका, कोणी विश्वास ठेवत नाही. मी म्हटलं की पुढचे दोन सीझन मला हेच काम मोठ्या आकारात करायचंय, आणि ते चाललं.

एक प्रश्न मात्र अनपेक्षित होता. 'तुमच्या त्या ३८ व्हिलांची यादी आहे ना तुमच्याकडे?' म्हणजे माणूस हवा होता की यादी? मी सांगितलं की कोणाला व्यवस्थापनासाठी कंपनी हवी असेल तर त्यांना विचारून ओळख करून देईन, पण नंबर आणि दर देणार नाही, ते आमच्या कंपनीचे होते आणि त्यात पार्टनरचाही वाटा आहे. दोन मिनिटं शांतता होती. यादीवरच नोकरी मिळत असेल तर यादी संपली की नोकरीही संपते हे लक्षात ठेवा.

पगाराच्या बाबतीत फाउंडरची पंचाईत होते, सॅलरी स्लिप नसते. मी महिन्याला १५,००० घ्यायचो, तेही कधी नाही. एचआरने मागचा पगार विचारला तर तो आकडा खरा सांगा, पण लगेच जोडा की तो कंपनीच्या तंगीप्रमाणे होता, या जागेचा दर काय आहे ते सांगा. तो दर पर्चेस मॅनेजरला आधीच विचारून ठेवला होता. कागद म्हणून आयटीआर आणि बँक स्टेटमेंट चालतं, पण रिटर्न भरलेले नसतील तर आधी ते भरा.

जुनी कंपनी नव्या नोकरीच्या आड येते ती अशी

ऑफर लेटरमध्ये बहुधा एक कलम असतं की परवानगीशिवाय दुसऱ्या कुठल्या कंपनीत पद धरता येणार नाही. आणि प्रायव्हेट लिमिटेड लगेच बंद होत नाही. नाव काढून टाकण्याचा फॉर्म STK-2, सरकारी फी १०,०००, पण त्याआधी सगळी देणी संपलेली हवीत आणि साधारणपणे मागच्या दोन आर्थिक वर्षांत काही व्यवहार नको. आमचा मे २०२४ पर्यंत व्यवहार होता म्हणजे २०२४-२५ हे वर्ष गेलंच, त्यापुढची दोन वर्षं थांबायचं.

तोपर्यंत काय? वार्षिक फाइलिंग चालूच ठेवायचं. हे लोक सोडून देतात कारण धंदा तर बंद आहे ना. AOC-4 आणि MGT-7 किंवा छोट्या कंपनीचा MGT-7A उशिरा भरला तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये जादा फी चढत जाते, आणि सलग तीन वर्षं भरलंच नाही तर डायरेक्टर म्हणून पाच वर्षं अपात्र ठरता. जीएसटी नंबर रद्द केला की शेवटचा रिटर्न GSTR-10 तीन महिन्यांत भरायचा असतो, आमच्या सीएने आठवण केली नसती तर तो राहिलाच असता. एलएलपीला वेगळा फॉर्म आणि एकच वर्ष थांबणं, आणि नुसती प्रोप्रायटरशिप असेल तर जीएसटी, लायसन्स आणि खातं बंद केलं की सुटलात.

नवीन कंपनीला मी जॉइन होण्याआधी एक मेल केला: अमुक कंपनीत डायरेक्टर आहे, काम मे २०२४ पासून बंद आहे, नाव काढायची प्रक्रिया होईपर्यंत फक्त कायदेशीर फाइलिंग करणार, कुठलंही उत्पन्न नाही. त्यांनी 'ओके' लिहून उत्तर दिलं. ते उत्तर जपून ठेवलंय.

कायम नोकरीआधी तीन महिने

त्या व्हिला कंपनीने आधी कायम जागाच देऊ केली, मी तीन महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट मागितलं, महिना ४०,०००, कामाची व्याप्ती लेखी: २२ व्हिलांचं लिनन मोजणीवर आणायचं. अशा कॉन्ट्रॅक्टवर बहुधा १० टक्के टीडीएस कापून पैसे येतात आणि पीएफ नसतो, ते धरून आकडा बोला. पण एका सीझनची सुरुवात आतून बघायला मिळते, आणि त्यांनाही कळतं की दोऱ्याचे टाके त्यांच्याकडे चालतात की नाही.

पहिला महिना चाललेच नाहीत. त्यांच्या व्हिलांत केअरटेकर दर काही आठवड्यांनी बदलत होते, नवीन आलेल्याला खुणा कोणी सांगत नव्हतं, आणि लॉस होता तेवढाच. आमच्या छोट्या धंद्यात केअरटेकर तेच राहायचे म्हणून पद्धत चालायची, हे मला तिथे जाऊन कळलं. मग प्रत्येक व्हिलाच्या कपाटाच्या दाराला आतून त्या व्हिलाच्या रंगाचा दोरा आणि किती नग हवेत ते लिहिलेला कागद चिकटवला, आणि नव्या माणसाकडून पहिल्या दिवशी ड्रायव्हरसमोर मोजून घ्यायला लावलं. नोव्हेंबरच्या शेवटी २२ पैकी १७ व्हिलांचा हिशोब जुळला. डिसेंबरपासून कायम झालो, ५२,००० वर. उरलेल्या पाच व्हिलांतल्या दोन अजूनही जुळत नाहीत, तिथे मालकच स्वतः येऊन टॉवेल बीचवर घेऊन जातात आणि त्यांना कोण सांगणार.